करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या: दोष मानेचा की कोपराचा?

प्रश्न: वय 26. नाशिकला कॉलेज रोडजवळच्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करतो, रोज नऊ-दहा तास बैठक असते. डाव्या कोपरावर टेकून, गाल तळहातावर ठेवून वाचायची सवय आहे. तीन महिन्यांपासून डाव्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. कोपराखाली उशी घ्यायला लागलो, तरी पहाटे मुंग्यांनी जाग येते. कुणी मानेची नस म्हणतं, कुणी बी-12 कमी आहे म्हणतं, आईला हृदयाची भीती वाटते. मानेचा एमआरआय काढू का?

उत्तर: एमआरआय आत्ता नको. तुमच्या वर्णनात बहुतेक सगळे उत्तर आलेले आहे, आणि त्यातला सर्वांत कामाचा तपशील पहाटेच्या जागेचा आहे. टेबल नाही, टेकणे नाही, तरी झोपेत मुंग्या येतात. म्हणजे नस नुसती बाहेरून दाबली जात नाही, कोपर दुमडल्यामुळेही दाबली जाते. कोपराचा त्रास घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी टेकणे आधीच सोडलेले असते. दुमडणे मात्र कुणी सोडलेले नसते, कारण ते कुणी सांगितलेलेच नसते.

आधी आईंच्या भीतीबद्दल. हृदयाचे दुखणे डाव्या हाताच्या आतल्या बाजूने करंगळीकडे उतरू शकते, त्यामुळे त्यांची शंका अगदी रास्त आहे. पण ते दुखणे छातीतल्या दडपणासोबत, घामासोबत, जिना चढताना किंवा धाप लागताना येते. तीन महिने ठरावीक दोनच बोटांत राहायचे आणि कोपर सरळ करून हात झटकला की जायचे, असे ते वागत नाही. छाती भरून आली, घाम फुटला, दम लागला तर कसलाही विचार न करता दवाखाना गाठा. नुसत्या मुंग्यांसाठी हृदयाची धास्ती बाळगू नका.

आता डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे अंगाकडच्या बाजूला, हाडाचा टोकदार उंचवटा चाचपून पाहा. तो उंचवटा आणि कोपराचे मागचे टोक यांच्यामध्ये एक खोबण आहे. त्या खोबणीत बोट आडवे फिरवले तर बोटाखालून काहीतरी गोल सरकते आणि करंगळीपर्यंत झिणझिणी जाते. तीच अल्नर नर्व्ह. दाराच्या चौकटीवर कोपर आपटले की जो करंट बसतो तो हिच्यामुळेच. मानेतून निघून हातात उतरणारी ही नस इथे अगदी उघडी पडते. वर फक्त कातडी, खाली हाड, मध्ये मांसाची गादी नाही. टेबलाच्या कडेवर कोपर टेकले की सगळा भार इथे येतो.

पण नस खोबणीत थांबत नाही. दोन-तीन सेंटीमीटर खाली ती मनगट वाकवणाऱ्या एका स्नायूच्या दोन मुळांमधून आत शिरते, आणि या दोन मुळांना जोडणारा एक चिवट पट्टा तिच्यावरून आडवा गेलेला असतो. जेफ्री ऑस्बोर्न या ब्रिटिश शल्यविशारदाने 1957 साली या पट्ट्याकडे लक्ष वेधले, म्हणून आम्ही त्याला ऑस्बोर्नचा पट्टा म्हणतो. पट्ट्याखालच्या या बोगद्याला क्युबिटल टनेल म्हणतात. कोपर सरळ असते तेव्हा पट्टा सैल असतो आणि बोगदा गोलसर असतो. कोपर दुमडत नेले की पट्ट्याची दोन टोके एकमेकांपासून लांब जातात, पट्टा ताणला जातो आणि बोगदा चपटा होतो. पूर्ण दुमडल्यावर त्याची आतली जागा साधारण 30 ते 40 टक्क्यांनी घटते. त्याच वेळी नस उंचवट्याच्या मागून वळसा घेत असल्यामुळे स्वतः काही मिलिमीटर ताणली जाते. वरून दाब आणि लांबीत ताण, दोन्ही एकाच वेळी.

आता तुमची वाचायची बैठक पाहा. गाल तळहातावर आला की कोपर सव्वाशे अंशांपेक्षा जास्त दुमडते, आणि डोक्याचा चार-पाच किलोचा भार हातातून थेट त्या खोबणीवर उतरतो. दाब, ताण आणि हाडावरची घासाघीस या तिन्ही गोष्टी तासन्‌तास एकत्र येतात. उशीने घासाघीस कमी झाली, थोडा दाबही घटला. बोगदा मात्र तितकाच चपटा राहिला.

मुंग्या का येतात हेही समजून घ्या, म्हणजे कशाला घाबरायचे आणि कशाला नाही ते कळेल. नसेच्या आत तिच्या स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या असतात. बाहेरचा दाब 20 ते 30 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास गेला तरी नसेतले परतीचे रक्त मंदावते. ब्लडप्रेशरचा पट्टा हाताला जेमतेम आवळू लागतो तेवढाच हा दाब. थोडा वेळ असे झाले तर नस मुंग्या देऊन तक्रार करते आणि हात सरळ केला की मिनिटभरात पूर्ववत होते. हा टप्पा पूर्ण बरा होणारा आहे. रोज कित्येक तास, महिनोन्‌महिने असेच चालले तर नसेला सूज राहू लागते, मग तिच्या तंतूंवरचे आवरण त्या जागी पातळ होते आणि संदेश रेंगाळतात. शेवटच्या टप्प्यात तंतूच मरतात. तुम्ही यांपैकी कुठे आहात ते घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येते.

कापसाचा बोळा घ्या, डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी अनामिकेला, म्हणजे करंगळीशेजारच्या बोटाला, दोन्ही कडांनी हलकेच लावायला सांगा. करंगळीकडची कड बोथट लागते आणि मधल्या बोटाकडची कड नेहमीसारखी, असे झाले तर दोष जवळजवळ नक्की अल्नर नसेत आहे, कारण या एका बोटाची वाटणी बहुतेक माणसांत दोन वेगळ्या नसांमध्ये झालेली असते. मानेतली नस दबली तर ती बोट असे मधोमध चिरत नाही, सबंध बोट बोथट होते. मग हाताची पालथी बाजू करंगळीच्या अंगाने तपासा. तिथली शाखा मनगटाच्या बरीच वर, पुढच्या हातातच, म्हणजे कोपर ते मनगट या भागातच, वेगळी होते. म्हणून पालथी बाजूही बोथट असेल तर दोष मनगटात नाही, वर कोपराकडे आहे. शेवटी मनगटाच्या वर, पुढच्या हाताची आतली बाजू. ही त्वचा अल्नर नसेच्या वाट्याची नाहीच. ती बोथट लागली तरच मानेचा किंवा काखेच्या वरचा विचार करायचा.

त्यानंतर दोन्ही कोपरे पूर्ण दुमडून, मनगटे सरळ ठेवून एक मिनिट बसा. डाव्या बोटांत मिनिटाच्या आत मुंग्या आल्या आणि उजव्या हाताला काहीच झाले नाही, तर कोपराबद्दलचा संशय पक्का होतो. दोन्हीकडे सारख्याच आल्या तर फार अर्थ काढू नका. बराच वेळ दुमडून ठेवले तर निरोगी माणसालाही येतात.

या सगळ्यापेक्षा मला ताकदीची काळजी जास्त असते. अल्नर नस करंगळीला स्पर्श देते हे सगळ्यांना माहीत असते. पंजातले बहुतेक बारीक स्नायूही तीच चालवते हे फारसे कुणाला माहीत नसते. बोटे फाकवणे, जवळ आणणे, चिमटीत अंगठा दाबणे ही तिची कामे. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनी यांच्या कडांमध्ये एक कागद धरा, अंगठे सरळ ठेवा आणि कागद दोन्ही बाजूंना ओढा. डाव्या अंगठ्याचे टोक आपोआप वाकून कागद पकडू लागले तर चिमटीचा स्नायू कमजोर झाला आहे आणि अंगठा दुसऱ्या नसेच्या स्नायूचा आधार घेतो आहे. मग पालथ्या हाताचे बेचके, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा, दोन्ही हातांची शेजारी धरून उजेडात पाहा. डावीकडे खळगा दिसला तर प्रकरण मुंग्यांच्या पलीकडे गेले आहे.

इथे एक रुग्ण आठवतो, त्याची ओळख पटणार नाही इतपत सांगतो. लासलगावकडे कांद्याच्या आडतीवर हिशेब पाहणारे, पन्नाशी उलटलेले गृहस्थ. दहा-बारा वर्षांपासून साखर. हंगामात दिवसभर डाव्या हाताने फोन कानाला, कोपर गादीच्या कडेवर आणि उजव्या हाताने लिहिणे. करंगळीला मुंग्या सुरू झाल्यावर त्यांनी मानेचा एक्स-रे काढला. त्यात मणक्यांची झीज दिसली. पन्नाशीनंतर ती बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, त्रास असो वा नसो. पण कागदावर झीज आली की सगळे मानेच्याच मागे लागतात. सहा महिने मानेला पट्टा, वजन लावून मान ताणणे आणि नसांच्या गोळ्या असे चालले. मुंग्या काही काळाने कमी झाल्या आणि सगळ्यांना बरे वाटले. प्रत्यक्षात मुंग्यांची जागा सततच्या बधिरपणाने घेतली होती. मग तिजोरीच्या किल्ल्या हातातून सुटू लागल्या, नाणी उचलता येईनात, शर्टाचे उजव्या बाहीचे बटण लावताना डावा हात अडखळू लागला, तेव्हा ते माझ्याकडे आले.

अनामिकेची अर्धी कड बोथट, पालथी बाजू बोथट, पुढचा हात मात्र नेहमीसारखा. कागद ओढताना अंगठा वाकत होता, करंगळी बाकी बोटांपासून फटकून बाहेर राहत होती आणि बेचक्यात खळगा दिसू लागला होता. नसेच्या तपासणीत, ज्याला आपल्याकडे सगळे एनसीव्ही म्हणतात, पुढच्या हातात संदेशाचा वेग सेकंदाला 53 मीटर होता आणि कोपराच्या पट्ट्यात तोच 33 वर घसरत होता. पुढच्या हातापेक्षा कोपराजवळ वेग 10 मीटरपेक्षा जास्त घसरला किंवा 50 च्या खाली गेला की आम्ही दोष कोपरात धरतो. साखरेमुळे त्यांच्या पायांच्या नसाही थोड्या मंद होत्या, आणि अशा नसा दाब कमी सोसतात. म्हणून साखर आहे तर ‘साखरेच्या मुंग्या’ म्हणून सोडून देऊ नये. साखरेच्या मुंग्या आधी दोन्ही तळपायांत येतात. एका हाताची दोनच बोटे त्या निवडत नाहीत.

ताकद गेलेली असल्याने त्यांना शस्त्रक्रिया सुचवली. कोपराच्या आतल्या बाजूला छेद घेऊन तो पट्टा आणि त्याच्या वर-खालची आवळलेली आवरणे मोकळी केली, नस जागेवरच ठेवली. पूर्वी अनेक सर्जन नस उचलून कोपराच्या पुढे आणून ठेवत. साध्या रुग्णांत नुसते मोकळे करण्याचा परिणाम तितकाच चांगला येतो हे पुढे तुलनात्मक चाचण्यांत दिसले, म्हणून नस उंचवट्यावरून घसरत असेल किंवा कोपराचे हाड वाकडे असेल तेव्हाच मी ती हलवतो. त्यांची रात्रीची कळ पहिल्या काही आठवड्यांत थांबली. बोटांचा बधिरपणा कमी व्हायला बरेच महिने लागले. किल्ल्या सुटणे वर्षभरात थांबले, पण बेचक्यातला खळगा पूर्ण भरला नाही. मेलेल्या तंतूच्या जागी नवा फुटवा दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. कोपरापासून पंजाच्या स्नायूपर्यंत 25 ते 30 सेंटीमीटर अंतर आहे, म्हणजे नऊ-दहा महिने गेल्यावर तो तिथे पोहोचणार, आणि तितके दिवस संदेशाविना पडलेला स्नायू दरम्यान वाळत जातो. ते दोन महिन्यांत आले असते तर कदाचित छेद घ्यावाच लागला नसता.

तुमची ताकद शाबूत असेल आणि मुंग्या येऊन-जाऊन असतील, तर तुम्ही पहिल्या टप्प्यात आहात. उपाय औषधाच्या दुकानात नाही, रात्रीच्या झोपेत आणि टेबलावर आहे.

रात्रीपासून सुरुवात करा. नाशिकची थंडी पडली की पांघरुणात मुटकुळे करून, हात छातीशी किंवा गालाखाली घेऊन आपण झोपतो, आणि कोपर पाच-सहा तास पूर्ण दुमडलेले राहते. आंघोळीचा टॉवेल लांबीत दुमडा, सरळ केलेल्या कोपराभोवती दोन वेढे द्या आणि सैलसर चिकटपट्टीने किंवा कापडी पट्टीने धरून ठेवा. हात किंचित वाकायला हवा, साधारण 40 अंशांपर्यंत, त्यापुढे टॉवेल आडवा यायला हवा. आवळून बांधू नका. आवळले तर दुसरीकडून दाब आणाल. टॉवेल झोपेत सुटत असेल तर खेळाडू वापरतात तसे गादीवाले कोपराचे पॅड उलटे घाला, गादी कोपराच्या पुढच्या घडीत येईल असे. दुकानातला स्प्लिंटही चालतो, पण बरेच जण आठवड्यात काढून टाकतात. टॉवेल मात्र महिनाभर टिकतो असा माझा अनुभव आहे. पहिल्या दोन-चार रात्री झोप मोडते, त्यानंतर सवय होते.

टेबलावर पुस्तक आडवे ठेवून वाचणे बंद करा. उभ्या स्टँडवर पुस्तक नजरेच्या जवळ आणा, म्हणजे मान खाली झुकणार नाही आणि डोक्याला हाताचा आधार लागणार नाही. खरी सवय मोडते ती इथे. नुसते ‘टेकायचे नाही’ असे ठरवले तर थकल्यावर हात आपोआप गालाशी जातो. पुढचे हात टेबलावर ठेवायचेच असतील तर कोपराच्या पुढचा मांसल भाग टेकवा, हाडाचा उंचवटा कडेबाहेर हवेत राहू द्या. फोनसाठी इअरफोन वापरा आणि अंथरुणात आडवे पडून फोन चेहऱ्यासमोर धरून पाहणे थांबवा. तेही कोपर दुमडूनच होते.

व्यायामाबद्दल मोबाइलवर पुष्कळ काही दिसेल. नस सरकवण्याचे हलके व्यायाम करायला हरकत नाही, पण ताणून, मुंग्या येईपर्यंत करू नका. चिडलेल्या नसेला ओढल्याने ती आणखी चिडते. स्वीडनमधल्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात काहींना रात्रीचा स्प्लिंट दिला, काहींना हे व्यायाम आणि काहींना फक्त कोणत्या हालचाली टाळायच्या याची नीट माहिती. तिन्ही गटांतले बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत सुधारले आणि गटांत फरक दिसला नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाचा या जागी फायदा दिसलेला नाही, ते घेऊ नका. बी-12 तुम्ही शाकाहारी असाल तर एकदा तपासून घ्या आणि कमी असेल तर भरून काढा. पण त्याची कमतरता सहसा दोन्ही पायांतून सुरू होते, त्यामुळे इंजेक्शनांचा कोर्स झाला म्हणून कोपराकडे दुर्लक्ष नको.

एक गोष्ट आपल्याकडे विसरून चालत नाही. कुष्ठरोग ज्या नसांना वारंवार पकडतो त्यांत अल्नर नस अगदी पुढे आहे, आणि तो तिला कोपराच्या जरा वर जाड करतो. दोन्ही कोपरांच्या वर बोट फिरवून डावी नस उजवीपेक्षा स्पष्ट जाड किंवा दुखरी लागते का ते पाहा. अंगावर कुठे फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा आहे का तेही पाहा. असे काही आढळले तर संकोच न करता सरकारी दवाखान्यात जा. औषध मोफत आहे, सहा ते बारा महिन्यांत कोर्स संपतो, आणि नस वेळेत वाचवली तर हात वाकडा होत नाही. लहानपणी कोपर मोडून हात बाहेरच्या बाजूला वाकडा बसला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. असा वाकडेपणा वीस-पंचवीस वर्षांनी नसेला त्रास देऊ लागतो.

सहा आठवडे टॉवेल आणि स्टँड प्रामाणिकपणे वापरा. पहाटेची जाग आधी थांबायला हवी, दिवसाच्या मुंग्या मागाहून कमी होतात. तीन महिन्यांनी काहीच फरक नसेल, किंवा त्याआधीच बधिरपणा दिवसभर राहू लागला, कागद ओढताना अंगठा वाकू लागला, बेचके खोल दिसले, तर थांबू नका आणि एनसीव्ही करून घ्या. जाताना दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. थंड हातात संदेश आपोआप मंद होतात, म्हणून हिवाळ्यात सकाळी गेलात तर हात कोमट पाण्यात गरम करून मगच तपासणी करायला सांगा. आणि कोपराचा भाग मोजताना कोपर दुमडलेले ठेवतात ना, तेही विचारा. सरळ हातात नस खोबणीत सैल पडलेली असते, त्वचेवरून मोजलेले अंतर खऱ्यापेक्षा कमी भरते आणि चांगल्या नसेचा वेगही उगाच कमी दिसतो.